विश्लेषण : रेल्वेच्या डब्यातले घाण शौचालय, १३९ वर तक्रार केल्यावर नेमके काय होते?

बारामती स्टेशनातून दौंडमार्गे पुण्याकडे जाणारा प्रवासी आणि भिगवण, दौंड किंवा कुर्डुवाडी गाठून लांब पल्ल्याची गाडी पकडणारा इंदापूर तालुक्यातला प्रवासी, दोघांची एक तक्रार सारखीच असते. गाडी वेळेवर आली, जागाही मिळाली, पण शौचालयात पाय ठेववत नाही. पुरुष प्रवासी पुढच्या डब्यात जाऊन बघतात. बायका आणि मधुमेह असलेली ज्येष्ठ मंडळी मात्र पाणी पिणेच बंद करतात. दौंड ते सोलापूर हे अंतर सुमारे १९० किलोमीटरचे. तेवढा वेळ घसा कोरडा ठेवून काढला जातो आणि घरी पोहोचल्यावर ‘रेल्वेचे काही खरे नाही’ म्हणून विषय संपतो.

यावर रेल्वेने १३९ हा क्रमांक आणि ‘रेल मदद’ ही तक्रार यंत्रणा दिली आहे. तक्रार करूनही काही झाले नाही, असे सांगणारे प्रवासी पुष्कळ आहेत आणि पंधरा-वीस मिनिटांत माणूस आला असे सांगणारेही आहेत. हा फरक नशिबाचा वाटत असला, तरी बऱ्याचदा तो तक्रार कोणत्या प्रकारात, कधी आणि किती नेमकी नोंदवली यावर ठरतो. उरलेला दोष यंत्रणेचा आहे, आणि तो कुठे आहे हेही प्रवाशाला माहीत असायला हवे.

कोणता क्रमांक, कोणते पोर्टल?

पूर्वी सुरक्षेसाठी १८२, इतर तक्रारींसाठी १३८ असे वेगवेगळे क्रमांक होते. ते टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि १ एप्रिल २०२१ पासून १८२ देखील १३९ मध्ये विलीन झाला. व्हॉट्सअॅपवर अजूनही जुन्या क्रमांकांच्या याद्या फिरतात, त्या पुसून टाकाव्यात. आता प्रवासातल्या जवळपास सर्व तक्रारींसाठी एकच क्रमांक आहे, १३९. फोन लागल्यावर आधी भाषा आणि मग विषय निवडायचा असतो. पर्यायांचा क्रम बदलू शकतो, त्यामुळे ध्वनिमुद्रित सूचना शेवटपर्यंत ऐकून ‘तक्रार’ हा पर्याय निवडावा.

दुसरा मार्ग ‘रेल मदद’चा. मोबाइल अॅप आहे आणि railmadad.indianrailways.gov.in हे संकेतस्थळही आहे. येथे मोबाइल क्रमांक टाकल्यावर ओटीपी येतो, त्यानंतर तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर द्यायचा. पीएनआर दिला की गाडी आणि प्रवासाचा तपशील यंत्रणेला मिळतो. मग तक्रारीचा प्रकार, उपप्रकार, वेळ, दोन-तीन ओळींचे वर्णन आणि फोटो. तक्रार दाखल झाली की एसएमएसवर संदर्भ क्रमांक, म्हणजे सीआरएन येतो. हा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्यावरच चालतो.

तिसरा मार्ग एक्सवरच्या @RailwaySeva या खात्याचा. तिथे लिहिलेली तक्रारही अखेर याच यंत्रणेत वळवली जाते. मात्र उघड पोस्टमध्ये पीएनआर आणि मोबाइल क्रमांक लिहू नये, ते संदेशातूनच द्यावेत. गुगलवर ‘रेल्वे हेल्पलाइन’ शोधून मिळालेल्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावर तर फोन करूच नये. तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि खरा कर्मचारी यूपीआय पिन विचारत नाही.

‘घाण’ या एका शब्दात तीन वेगळे बिघाड

बहुतेक तक्रारी इथेच फसतात. प्रवासी लिहितो, ‘टॉयलेट घाण आहे’. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात आणि तिन्हींची दुरुस्ती करणारी माणसे वेगळी असतात.

पहिली गोष्ट म्हणजे नुसती अस्वच्छता. नळाला पाणी आहे, भांड्यातून निचरा होतो आहे, पण फरशी आणि भांडे खराब आहे. हे काम गाडीतच असलेल्या सफाई कर्मचाऱ्याचे. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत ‘ऑन बोर्ड हाऊसकीपिंग’ म्हणजे ओबीएचएस ही सेवा कंत्राटदारामार्फत दिली जाते. एका कर्मचाऱ्याकडे काही डबे असतात. अशी तक्रार सर्वात लवकर सुटते, कारण सोडवणारा माणूस चालत्या गाडीतच असतो. रेल मददमध्ये त्यासाठी Coach - Cleanliness हा प्रकार आणि Toilets हा उपप्रकार निवडावा.

दुसरी गोष्ट पाणी संपल्याची. शौचालय घाण दिसते, पण मूळ कारण नळ कोरडा असणे हे असते. सफाई कर्मचारी आला तरी पाण्याविना तो काय धुणार? तो येतो, बघतो, जातो आणि तक्रारीवर ‘कार्यवाही केली’ असा शेरा पडतो. त्यामुळे पाणी नसेल तर Water Availability हा स्वतंत्र प्रकार निवडणे गरजेचे आहे. हे काम पाणी भरण्याची सोय असलेल्या पुढच्या मोठ्या स्टेशनावरच होऊ शकते. नव्या एलएचबी डब्यांत पाण्याच्या मोठ्या टाक्या डब्याखाली असतात आणि पंपाने पाणी वर चढवले जाते. त्यामुळे कधी कधी टाकीत पाणी असूनही पंप बंद पडल्याने नळ कोरडा राहतो. अशा वेळी गाडीतला तंत्रज्ञही उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट तुंबण्याची. आता गाड्यांमध्ये जैव-शौचालये आहेत. मैला रुळांवर न पडता डब्याखालच्या टाकीत जातो आणि तिथले जिवाणू त्याचे विघटन करतात. या व्यवस्थेचा शत्रू म्हणजे पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचा डायपर. यातले काहीही भांड्यात गेले की पाणी खाली उतरत नाही, वर चढू लागते. फडके आणि फिनाइल घेऊन आलेला कर्मचारी प्रत्येक वेळी हे काढू शकत नाही. त्यासाठी मोठ्या थांब्यावर डब्यांची देखभाल करणारे कर्मचारी लागतात. वर्णनात ‘चोक झाले आहे, पाणी वर येत आहे’ असे स्पष्ट लिहिले, तर योग्य माणसाला निरोप जाण्याची शक्यता वाढते.

तिन्हींमधला फरक ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. शौचालयाचा नळ सोडून पाहावा, बाहेरच्या बेसिनचा नळ पाहावा आणि डब्याच्या दुसऱ्या टोकालाही एकदा पाहून यावे.

एक उदाहरण : दौंड ते सोलापूर

समजा, इंदापूरचे एक कुटुंब दौंडला दुपारी एक वाजता सोलापूरमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत चढले. भिगवणला सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत, म्हणून दौंड. डबा एस-५. अर्ध्या तासात वडिलांना शौचालयात जावे लागले आणि ते तसेच परत आले. आत घाण होती, नळाला पाणी नव्हते.

मुलगा उठून पाहतो. त्या टोकाची दोन्ही शौचालये कोरडी, बेसिनही कोरडे. दुसऱ्या टोकाला मात्र पाणी येते आहे. म्हणजे प्रश्न निम्म्या डब्याचा आहे. वडिलांची तातडीची सोय दुसऱ्या टोकाला झाली, पण तक्रार करणे सोडायचे कारण नाही, कारण हा डबा रात्रभर चालणार आहे.

आता वर्णनात काय लिहावे? ‘फारच वाईट अवस्था, रेल्वेला लाज वाटली पाहिजे’ हे वाक्य कितीही खरे असले, तरी गाडीतल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘एस-५, बर्थ १ च्या बाजूची दोन्ही टॉयलेट आणि बेसिन. दुपारी दीडपासून पाणी नाही. दुसऱ्या टोकाला पाणी आहे. टॉयलेटमध्ये घाण साचली आहे. सोलापूरला पाणी भरावे.’ डब्याची कोणती बाजू हे सांगण्यासाठी बर्थ क्रमांक सर्वात सोपा, कारण ‘इंजिनाकडची बाजू’ इंजिन बदलले की उलटते. सोबत दोन फोटो, एक भांड्याचा आणि एक दारावरच्या डबा क्रमांकाचा.

ही तक्रार पावणेदोनला गेली, तर सोलापूर येईपर्यंत यंत्रणेच्या हातात दोन तासांच्या आसपास वेळ राहतो. तीच तक्रार सोलापूर सुटल्यावर केली, तर पाण्यासाठी पुढच्या मोठ्या स्टेशनाची वाट पाहावी लागते. पाणी आणि तुंबण्याच्या तक्रारीत घड्याळापेक्षा पुढचा मोठा थांबा महत्त्वाचा असतो, तो हा असा.

प्रतिसाद कसा वाचावा?

तक्रार गेल्यावर ती संबंधित रेल्वे विभागाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते, तिथून गाडीतल्या किंवा पुढच्या स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला कळवले जाते. प्रवाशाच्या अनुभवाला यानंतर तीन शक्यता येतात.

पहिली, कर्मचाऱ्याचा फोन येतो किंवा तो थेट बर्थवर येतो. अशा वेळी त्याच्यासोबत जाऊन जागा दाखवावी. तो कंत्राटी कामगार असतो. पाणी संपणे किंवा पंप बंद पडणे हा त्याचा गुन्हा नाही, त्यामुळे राग त्याच्यावर काढू नये. काम झाल्यावर तो अभिप्राय किंवा ओटीपी मागू शकतो. काम डोळ्यांनी पाहूनच तो द्यावा, ‘आधी द्या, मग करतो’ याला नम्रपणे नकार द्यावा.

दुसरी, ‘पुढील स्टेशनावर व्यवस्था केली जाईल’ असा संदेश येतो. पाण्याच्या आणि तुंबण्याच्या बाबतीत हे उत्तर टाळाटाळीचे नसते, वस्तुस्थितीच तशी असते. मात्र ते स्टेशन येऊन गेले आणि नळ कोरडाच राहिला, तर जुन्या सीआरएनचा उल्लेख करून पुन्हा १३९ ला फोन करावा.

तिसरी आणि सर्वात चीड आणणारी शक्यता म्हणजे कोणी आलेच नाही आणि तक्रार ‘निकाली’ निघाल्याचा एसएमएस आला. इथे बहुतेक प्रवासी हात टेकतात. पण तक्रार बंद झाल्यावर अभिप्रायाची लिंक येते. त्यात Excellent, Satisfactory आणि Unsatisfactory असे पर्याय असतात. काम झाले नसेल तर Unsatisfactory निवडून एका ओळीत कारण लिहावे आणि तेव्हाचा फोटो काढून ठेवावा. ही लिंक न उघडता सोडली, तर रेल्वेच्या नोंदीत ती तक्रार सुटलेलीच राहते.

वेळेची मर्यादाही लक्षात घ्यावी. ओबीएचएसची नियमित सेवा साधारण सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत असते. सिद्धेश्वर एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी कुर्डुवाडी आणि दौंड ओलांडते तेव्हा बहुतेक प्रवासी झोपलेले असतात. त्या वेळी केलेल्या स्वच्छतेच्या तक्रारीवर दिवसासारख्या वेगाची अपेक्षा धरू नये. रात्रीच्या गाडीत चढल्याबरोबर शौचालय पाहून घेणे आणि बिघाड असेल तर तेव्हाच नोंदवणे, एवढेच हातात असते.

बारामतीच्या बिनआरक्षित प्रवाशाचे काय?

वरची सगळी व्यवस्था आरक्षित तिकीटधारकाला डोळ्यांसमोर ठेवून उभी आहे. बारामती-दौंड हा चाळीसेक किलोमीटरचा फाटा. बारामतीहून सुटून कटफळ, शिरसुफळ करत दौंडला जाणाऱ्या गाडीतला नोकरदार, विद्यार्थी किंवा पासधारक यांच्याकडे पीएनआर नसतो. अशा कमी पल्ल्याच्या बिनआरक्षित गाडीत बोलावता येईल असा सफाई कर्मचारीही सहसा नसतो. त्यामुळे तक्रार केल्यावर दहा मिनिटांत कोणी फडके घेऊन येईल, ही अपेक्षा इथे चुकीची ठरते.

म्हणून तक्रार करू नये असे मात्र नाही. रेल मददवर अनारक्षित तिकिटाच्या क्रमांकावरूनही तक्रार नोंदवता येते. अडचण येते ती डबा ओळखण्याची, कारण जनरल डब्यावर एस-५ सारखा क्रमांक नसतो. त्यासाठी डब्यावर रंगवलेला पाच-सहा आकडी क्रमांक टिपावा. हा त्या डब्याचा कायमचा क्रमांक. गाडीचा क्रमांक, तारीख आणि हा आकडा एवढ्यावर देखभाल करणाऱ्यांना नेमका डबा सापडतो. सोबत बारामती किंवा दौंड येथे स्टेशन मास्तरांकडे तक्रार पुस्तिका मागता येते. तीत लिहून स्वतःच्या प्रतीचा फोटो ठेवावा.

इथे प्रतिसाद म्हणून मिळते ते बहुधा ‘संबंधितांना सूचना दिल्या आहेत’ असे उत्तर. एका तक्रारीने फारसे हलत नाही. पण रोज त्याच गाडीने जाणाऱ्या पाच पासधारकांनी आठवडाभर त्याच डबा क्रमांकाच्या तक्रारी नोंदवल्या, तर त्या एका प्रवाशाची कुरकुर म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत. डबा गाडीला जोडण्याआधीच धुतला जात नाही, हे त्यातून उघड दिसते.

निकाली काढलेल्या, पण न सुटलेल्या तक्रारीचे पुढे काय?

पहिला टप्पा केंद्र सरकारच्या pgportal.gov.in या तक्रार पोर्टलचा. येथे रेल्वे मंत्रालय निवडून सीआरएन, फोटो आणि ‘निकाली’ म्हणून आलेला एसएमएस जोडावा. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा तक्रारी २१ दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर अपील करता येते. तोवर प्रवास संपलेला असतो हे खरे, पण हा टप्पा शौचालय धुऊन घेण्यासाठी नसतोच. खोटा शेरा मारणाऱ्याला उत्तर द्यायला लावण्यासाठी तो असतो.

दुसरा टप्पा माहिती अधिकाराचा. दहा रुपये शुल्क भरून संबंधित रेल्वे विभागाला तीन साधे प्रश्न विचारता येतात. अमुक सीआरएनवर कोणत्या कर्मचाऱ्याने किती वाजता काय काम केले, त्याची नोंद द्यावी. ही तक्रार कोणत्या आधारावर बंद केली? या गाडीच्या सफाई कंत्राटदाराला त्या महिन्यात किती दंड झाला? उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा. विशाखापट्टणमच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये तिरुमला एक्सप्रेसच्या एका प्रवाशाला २५ हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च देण्याचा आदेश रेल्वेला दिला. वातानुकूलित डब्यातली घाण शौचालये आणि इतर गैरसोय हा त्या तक्रारीचा विषय होता. प्रवासी सुखरूप पोहोचला ना, असा रेल्वेचा बचाव होता, तो टिकला नाही. प्रत्येकाने आयोगात जावे असे नाही. पण स्वच्छ शौचालय आणि पाणी हा तिकिटाच्या पैशांत घेतलेल्या सेवेचाच भाग आहे, हे त्यातून ठरले. असा दावा उभा राहतो तो सीआरएन, वेळ असलेले फोटो आणि जतन केलेल्या एसएमएसवर.

खरा दोष कुठे?

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांतील स्वच्छतेवर दिलेला अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये शौचालय आणि बेसिनमध्ये पाणी नसल्याच्या १ लाख २८० तक्रारी आल्या. त्यांपैकी ३३ हजार ९३७ तक्रारी, म्हणजे साधारण तीनातली एक, सोडवायला ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक वेळ लागला. या आकड्याला दोन बाजू आहेत. दोन तृतीयांश तक्रारी रेल्वेच्याच नोंदीनुसार वेळेत सुटल्या, म्हणजे १३९ वर फोन करणे व्यर्थ नाही. पण ‘सुटली’ हे ठरवणारी नोंद प्रवाशाची नसून रेल्वेची आहे.

नेमकी इथेच सुधारणा हवी. ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्याच्याच बाजूने ती बंद होत असेल, तर बंद झालेल्या तक्रारींचा आकडा वाढेल, स्वच्छ शौचालयांचा वाढेलच असे नाही. प्रवाशाने प्रवास संपण्याआधी होकार दिल्याशिवाय स्वच्छतेची आणि पाण्याची तक्रार बंद होऊ नये, आणि Unsatisfactory असा अभिप्राय आला तर ती आपोआप पुन्हा उघडली जावी. ओटीपीची व्यवस्था रेल्वेकडे आधीच आहे, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड म्हणता येणार नाही. बारामतीसारख्या फाट्यावरच्या गाड्यांसाठी तर याहूनही साधी गोष्ट पुरेल. गाडी जिथून सुटते तिथे प्रत्येक डबा धुतल्याची वेळ आणि सही असलेला तक्ता शौचालयाच्या दारामागे लावावा. पीएनआर नसलेल्या प्रवाशालाही मग दार उघडताच कळेल, की हा डबा आज धुतला गेला आहे की नाही.

तोपर्यंत भिगवणहून किंवा दौंडहून गाडीत चढणाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही टोकांचे नळ सोडून पाहावेत. कोरडे निघाले, तर पुढचे मोठे स्टेशन यायच्या आत १३९ लावावा.